चालू बांधकामाचं व्याज कॅपिटलाइज करताना आकडा जुळत नाहीये? खास लोन आणि जनरल लोन दोन्ही असतील तर हे क्रमाने तपासा

मार्च एंड झाला की माझ्याकडे ही एक फाइल हमखास येते. कंपनी स्वतःच्या वापरासाठी बिल्डिंग बांधतेय, बँकेने खास त्या बिल्डिंगसाठी टर्म लोन दिलंय, ते पुरत नाही म्हणून उरलेले पैसे सीसीतून आणि जुन्या लोनच्या पैशातून जातायत, आणि वर्षभराच्या व्याजातलं नेमकं किती बिल्डिंगच्या खात्यात टाकायचं यावर अकाउंट्सचा एक आकडा आणि ऑडिटरचा दुसरा. दोघंही इंड-एएस २३ च वाचून आलेले असतात. नियम तसा अवघड नाहीये, चूक होते ती ठराविक चार-पाच जागी आणि दरवर्षी त्याच जागी, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. (तुमची कंपनी इंड-एएसमध्ये नसेल तर तुम्हाला एएस १६ लागतं, मूळ हिशोब जवळपास हाच आहे, जिथे फरक पडतो तिथे सांगेन.)

लक्षणं

यातलं एकही दिसलं तर पुढे वाचा.

- जनरल लोनचं कॅपिटलाइज होणारं व्याज शून्य येतंय, आणि बिल्डिंगवरचा खर्च मात्र खास लोनपेक्षा दुप्पट झालाय.
- उलट, जनरलचं व्याज इतकं जास्त येतंय की खास लोनच्या व्याजाच्याही पुढे गेलंय.
- कॅपिटलायझेशन रेट तुमच्या सगळ्यात महाग लोनपेक्षा जास्त किंवा सगळ्यात स्वस्त लोनपेक्षा कमी आलाय.
- खास लोनच्या न वापरलेल्या पैशांच्या एफडीचं व्याज अजून 'इतर उत्पन्ना'त बसलंय.
- नफा-तोट्यात उरलेलं व्याज कशाचं आहे हे एका वाक्यात सांगता येत नाही.

आधी उदाहरण समोर ठेवू

आकडे सोपे घेतलेत, पण घडण अगदी खऱ्या फायलींसारखी आहे. वर्ष २०२४-२५. कंपनी नवीन ऑफिस आणि लॅबची बिल्डिंग बांधतेय, पाइलिंग १ जुलै २०२४ ला सुरू झालं आणि ३१ मार्च २०२५ ला काम चालूच आहे. त्याच दिवशी, १ जुलैला, बँकेने खास या बिल्डिंगसाठी ६ कोटी एकरकमी दिले, व्याज ९ टक्के (प्रोसेसिंग फी धरून काढलेला इफेक्टिव्ह दर, कारण इंड-एएसमध्ये फी वेगळी खर्ची टाकत नाहीत, ती दरात मुरते). बिल्डिंगसाठी पैसे गेले ते असे: १ जुलैला ४ कोटी, १ ऑक्टोबरला ४ कोटी, १ जानेवारीला ४ कोटी. एकूण १२ कोटी. जुलैत ६ कोटी आले आणि ४ च लागले, म्हणून उरलेले २ कोटी ऑक्टोबरपर्यंत तीन महिने ६ टक्क्यांच्या एफडीत ठेवले.

याशिवाय कंपनीकडे आधीपासून एक जुनं टर्म लोन आहे, वर्षभर १० कोटी, ९ टक्के, म्हणजे ९० लाख व्याज. आणि सीसी, सरासरी ५ कोटी वापर, १०.५ टक्के, म्हणजे ५२.५ लाख व्याज.

आता तपासण्या. सोप्या आणि फुकटच्या आधी, वेळखाऊ नंतर.

१. रेटवर नुसती नजर टाका

दोन मिनिटांचं काम आहे. कॅपिटलायझेशन रेट म्हणजे जनरल लोनच्या व्याजाची वेटेड सरासरी, आणि सरासरी कधीच सगळ्यात लहान आकड्याच्या खाली किंवा सगळ्यात मोठ्याच्या वर जात नाही. आपल्या उदाहरणात एकूण जनरल व्याज १४२.५ लाख, सरासरी जनरल लोन १५ कोटी, म्हणून रेट ९.५ टक्के. ९ आणि १०.५ च्या मध्ये आहे, बरोबर. तुमचा रेट या पट्ट्याबाहेर असेल तर कारण बहुतेक एकच असतं, वर व्याज पूर्ण वर्षाचं घेतलंय आणि खाली लोनची रक्कम ३१ मार्चची घेतलीय. सीसीत हे फार होतं, कारण वर्षाच्या शेवटी वसुली जोरात होऊन सीसी खाली आलेली असते. मार्च एंडला सीसी २ कोटी दिसत असेल तर ५२.५ लाखांना २ कोटींनी भागून २६ टक्के दर येतो, आणि असा दर शीटमध्ये निमूटपणे बसलेला मी पाहिलाय. सीसीची सरासरी काढायला रोजची शिल्लक घेऊन बसायची गरज नाही. बँकेने लावलेलं वर्षाचं व्याज भागिले दर, झाली सरासरी. दर मध्येच बदलला असेल तर बदलाच्या आधीचा आणि नंतरचा काळ वेगळा करा.

२. एफडीचं व्याज कुठे गेलंय बघा

खास लोनचे पैसे वापरण्याआधी कुठे गुंतवून ठेवले तर त्यावर मिळालेलं उत्पन्न खास लोनच्या व्याजातून वजा करायचं, हे स्टँडर्ड थेट सांगतं. कारण सरळ आहे, बिल्डिंगसाठी त्या पैशांची खरी किंमत तेवढीच पडली. आपल्याकडे खास लोनचं नऊ महिन्यांचं व्याज ४०.५ लाख, एफडीचं ३ लाख, म्हणून बिल्डिंगवर ३७.५ लाख.

इथे एक बारीक गोष्ट बघा. बँक स्टेटमेंटमध्ये एफडीचे २.७ लाखच जमा झालेले दिसतात कारण १० टक्के टीडीएस कापलेला असतो, आणि जो माणूस स्टेटमेंटवरून शीट भरतो तो २.७ लाखच वजा करतो. वजा पूर्ण ३ लाख करायचे, टीडीएस हा तुमचाच पैसा आहे, टॅक्सच्या खात्यात जमा आहे. फॉर्म २६एएस किंवा एआयएसशी एकदा ताडून घ्या. आणि ही वजावट फक्त खास लोनच्या एफडीची. कंपनीच्या इतर एफडी कितीही असू देत, त्यांचं व्याज जनरलच्या हिशोबात वजा होत नाही.

३. जनरलच्या यादीत कोण आहे, कोण नाही

प्रत्येक लोनचं सँक्शन लेटर काढा आणि उद्देशाचा रकाना वाचा. इथे दोन उलट्या चुका होतात.

पहिली, खास लोन जनरलच्या सरासरीत घुसतं. टॅलीत सगळी लोन एकाच ग्रुपखाली असतात, कोणीतरी पूर्ण ग्रुपचं व्याज भागिले पूर्ण ग्रुपची सरासरी करून टाकतं. आपल्या उदाहरणात असं केलं तर १८३ लाख भागिले १९.५ कोटी, म्हणजे ९.३८ टक्के. फरक थोडाच दिसतोय कारण खास लोनचा दर जवळचाच आहे, पण कुठे सवलतीचं ६ टक्क्यांचं खास लोन असलं की रेट चांगलाच खाली ओढला जातो आणि ऑडिटर तिथेच बोट ठेवतो.

दुसरी चूक जास्त प्रेमाने केली जाते. सीएफओ म्हणतात, सीसी तर कच्च्या मालासाठी आहे, गाडीचं लोन गाडीसाठी आहे, त्यांचा बिल्डिंगशी काय संबंध, काढून टाका यादीतून. नाही काढता येत. स्टँडर्ड फक्त एकाच प्रकारचं लोन बाहेर ठेवायला सांगतं, जे एखाद्या क्वालिफाइंग अॅसेटसाठी खास घेतलंय, आणि तेही तो अॅसेट तयार होईपर्यंतच. कच्चा माल काय किंवा गाडी काय, क्वालिफाइंग अॅसेट नाही, कारण त्याला तयार व्हायला मोठा काळ लागत नाही. तेव्हा ती लोन जनरलमध्येच राहतात.

'तयार होईपर्यंतच' हे शब्द नीट लक्षात ठेवा. समजा गेल्या वर्षी पूर्ण झालेल्या गोडाऊनचं खास लोन अजून फेडायचं बाकी आहे. गोडाऊन तयार झालं त्या दिवसापासून ते लोन जनरलच्या यादीत येतं आणि नव्या बिल्डिंगच्या रेटमध्ये मोजलं जातं. इंड-एएस २३ मध्ये हे १ एप्रिल २०१९ पासून स्पष्ट लिहिलंय, त्याआधी यावर दोन मतं चालायची, आणि जुनी एक्सेल शीट वर्षानुवर्षं पुढे कॉपी करणाऱ्यांकडे अजूनही जुनं मतच चालू असतं. एएस १६ मध्ये हा खुलासा शब्दांत नाही, तिथे ऑडिटरशी आधी बोलून घ्या.

४. खर्चाचा आकडा सीडब्ल्यूआयपीच्या लेजरवरून उचललाय का

इथून काम वाढतं, पण खरी गडबड इथेच सापडते.

व्याज लागतं ते बाहेर गेलेल्या पैशावर. लेजरमध्ये बिल चढलं म्हणून व्याज सुरू होत नाही. स्टँडर्डमध्ये खर्च म्हणजे रोख दिलेली रक्कम, दिलेली दुसरी मालमत्ता, किंवा अंगावर घेतलेलं व्याज लागणारं देणं. काँट्रॅक्टरचं बिल सर्टिफाय झालं, लेजरला चढलं, पण पैसे दिलेले नाहीत आणि त्यावर व्याजही लागत नाही, तर त्या रकमेसाठी तुम्ही लोन वापरलेलंच नाही. रिटेन्शनचंही तेच. उलट मोबिलायझेशन अॅडव्हान्स दिला त्या दिवशी पैसे गेलेत, पण तो लेजरमध्ये 'कॅपिटल अॅडव्हान्स'मध्ये वेगळा बसलेला असतो आणि सीडब्ल्यूआयपीवरून हिशोब करणाऱ्याच्या नजरेतून सुटतो.

आपल्या कंपनीची ३१ मार्चची सीडब्ल्यूआयपी (व्याज टाकण्याआधी) १२.७० कोटी दिसतेय. रोख तर १२ कोटीच गेलेत. जुळवणी अशी. १२.७० मधून ६० लाख रिटेन्शन वजा, मार्चचं न दिलेलं आरए बिल ६० लाख वजा, आणि जुलैत दिलेल्या दीड कोटीच्या अॅडव्हान्सपैकी अजून बिलातून न कापलेले ५० लाख मिळवले, झाले १२ कोटी. ही चार ओळींची जुळवणी शीटच्या वरच ठेवा, ऑडिटरचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात. जीएसटी विसरू नका, स्वतःच्या बिल्डिंगच्या बांधकामावरचं इनपुट क्रेडिट कलम १७(५) मुळे अडतं, म्हणून काँट्रॅक्टरला दिलेला जीएसटीही खर्चातच येतो.

स्टँडर्ड एक सवलत देतं, की काळातली सरासरी कॅरिंग अमाउंट ही खर्चाचा चालण्यासारखा अंदाज मानता येते. दर महिन्याला बिल येतं आणि महिन्याभरात दिलं जातं अशा ठिकाणी ती वापरा. पण मोठा अॅडव्हान्स आणि मोठं रिटेन्शन असेल तर तो अंदाज चालण्यासारखा राहत नाही, तिथे तारखेनुसार पेमेंटच घ्या.

५. खास लोन वजा करताना वेळ धरलीय का

माझ्याकडे येणाऱ्या फायलींमधली सगळ्यात महागडी चूक ही. तीन चुकीच्या पद्धती दाखवतो, तिन्ही याच उदाहरणावर.

पहिली पद्धत. एकूण १२ कोटी, खास ६ कोटी, उरले ६ कोटी, गुणिले ९.५ टक्के, ५७ लाख. यात वेळच नाही. जानेवारीत गेलेल्या पैशावर पूर्ण वर्षाचं व्याज कसं लागेल? लक्षणांमध्ये 'जनरलचं व्याज खासच्या पुढे गेलंय' म्हटलं ते हेच.

दुसरी पद्धत जरा शहाणी वाटते. खर्चाची वेटेड सरासरी काढली: ४ कोटी नऊ महिने म्हणजे ३ कोटी, ४ कोटी सहा महिने म्हणजे २ कोटी, ४ कोटी तीन महिने म्हणजे १ कोटी, बेरीज ६ कोटी. खास लोन ६ कोटी. वजाबाकी शून्य, म्हणून जनरलचं काही कॅपिटलाइज करायचंच नाही! इथे एका बाजूला वेळ धरलीय आणि दुसऱ्या बाजूला नाही. वर्षाला पसरवलेल्या रकमेतून न पसरवलेली रक्कम वजा केली. शून्य हा आकडा नीटनेटका दिसतो म्हणून कोणी परत बघत नाही, आणि नफा विनाकारण कमी दिसतो.

तिसरी पद्धत बरोबरच्या अगदी जवळ आहे म्हणून पकडायला सगळ्यात अवघड. सरासरी खर्च ६ कोटी, खास लोन ६ कोटी गुणिले ९/१२ म्हणजे ४.५ कोटी, उरले १.५ कोटी, व्याज १४.२५ लाख. वेळ दोन्हीकडे धरलीय, मग चुकलं कुठे? जुलै ते सप्टेंबर खास लोनमधले २ कोटी बिल्डिंगवर नव्हतेच, एफडीत होते. त्यांनी बिल्डिंगचा खर्च उचललेला नाही, आणि त्या एफडीचं व्याज आपण आधीच वजा करून घेतलंय. परत इथेही ते २ कोटी बिल्डिंगवर होते असं धरलं तर तोच पैसा दोन ठिकाणी मोजला जातो.

बरोबर पद्धत म्हणजे प्रत्येक पेमेंटच्या समोर लिहायचं की ते कशातून गेलं. १ जुलैचे ४ कोटी पूर्ण खास लोनमधून. १ ऑक्टोबरच्या ४ कोटींपैकी २ खासमधून (एफडी मोडून), २ जनरलमधून. १ जानेवारीचे ४ पूर्ण जनरलमधून. आता फक्त जनरलवाल्या रकमांची वेळेनुसार सरासरी: २ कोटी गुणिले ६/१२ म्हणजे १ कोटी, ४ कोटी गुणिले ३/१२ म्हणजे १ कोटी, एकूण २ कोटी. गुणिले ९.५ टक्के, १९ लाख.

म्हणजे या वर्षी बिल्डिंगवर ३७.५ अधिक १९, ५६.५ लाख.

खऱ्या फाइलमध्ये पेमेंट महिन्याच्या एक तारखेला जात नाहीत, तेव्हा दिवस मोजा. ए कॉलममध्ये पेमेंटची तारीख आणि सी कॉलममध्ये फक्त जनरलमधून गेलेली रक्कम ठेवली तर एक ओळ पुरते:

```
=SUMPRODUCT(C2:C20,(DATE(2025,3,31)-A2:A20+1)/365)
```

सी कॉलमची साधी बेरीज ६ कोटी आणि या फॉर्म्युल्याचं उत्तर साधारण २ कोटी यायला हवं. दिवसांनी मोजल्यामुळे थोडा फरक पडतो, तो ठीक आहे. ए कॉलममध्ये रिकामी तारीख किंवा टेक्स्ट म्हणून टाइप झालेली तारीख नसावी एवढं बघा.

इथे एक वाद नेहमी निघतो. 'जनरलमधून कशावरून, ते ६ कोटी आमच्या नफ्यातून गेलेत.' जनरलचा पूर्ण विचार या एका प्रश्नावर उभा आहे: बिल्डिंग बांधलीच नसती तर कुठलं व्याज वाचलं असतं? नफ्याचे पैसे हातात असताना सीसी १०.५ टक्क्यांनी चालूच होती. ते ६ कोटी बिल्डिंगवर गेले नसते तर सीसी कमी झाली असती आणि व्याज वाचलं असतं. म्हणून जनरल लोन डोक्यावर असताना 'आधी स्वतःचे पैसे गेले' हा दावा टिकत नाही, निदान मी तरी ऑडिटमध्ये तो सहज मान्य झालेला पाहिलेला नाही.

६. नफा-तोट्यातून उलटा ताळा

उत्तर आलं की हे कराच. वर्षाचं एकूण व्याज १८३ लाख (९० अधिक ५२.५ अधिक ४०.५). बिल्डिंगवर गेलं ४०.५ अधिक १९, म्हणजे ५९.५. नफा-तोट्यात फायनान्स कॉस्ट उरायला हवी १२३.५ लाख, आणि ती जनरलच्या १४२.५ मधून १९ वजा करून येणाऱ्या आकड्याशी तंतोतंत जुळायला हवी. एफडीचे ३ लाख इतर उत्पन्नात शून्य, ते सीडब्ल्यूआयपीतून वजा. खास लोनचं एक रुपयाही व्याज नफा-तोट्यात उरलं असेल तर एकतर कॅपिटलायझेशन उशिरा सुरू झालंय, किंवा लवकर थांबलंय, किंवा एंट्री चुकलीय.

वरची मर्यादाही इथेच बघा, कॅपिटलाइज केलेलं व्याज वर्षभरात प्रत्यक्ष झालेल्या व्याजापेक्षा जास्त असू शकत नाही. जनरल लोन लहान आणि बिल्डिंग मोठी असेल तर फॉर्म्युल्याचं उत्तर सहज पुढे जातं, तिथे प्रत्यक्ष व्याजावर थांबायचं.

७. सुरू कधी, थांबलं कधी

सुरुवातीला तीन गोष्टी एकत्र लागतात: खर्च होतोय, व्याज चालू आहे, आणि बिल्डिंगसाठी लागणारं काम सुरू आहे. काम म्हणजे फक्त खोदकाम असं नाही, प्लॅन पास करून घेणं, परवानग्या ही कामंही मोजतात. नुसती जमीन घेऊन ठेवलीय आणि काहीच हालचाल नाही, तर त्या काळाचं व्याज मात्र चालत नाही.

मधल्या खंडाबद्दल दरवर्षी विचारलं जातं, पावसाळ्यात दोन महिने स्लॅबचं काम बंद होतं, व्याज थांबवायचं का? आपल्याकडे पावसाळ्यात काम मंदावणार हे काम ठरवतानाच धरलेलं असतं, बांधकामाचा तो नेहमीचा भाग आहे, थांबवू नका. स्टँडर्डमध्ये पुलाच्या कामात नदीला पाणी चढल्याचं उदाहरण याच अर्थाने आहे. पण काँट्रॅक्टरशी भांडण होऊन चार महिने साइटला कुलूप, किंवा पैसे संपले म्हणून काम बंद, तर तो खंड मोठा आहे, त्या काळाचं खास आणि जनरल दोन्हींचं व्याज नफा-तोट्यात. त्या काळातले साइट रजिस्टर, मजुरांची हजेरी, सिमेंट-स्टीलची चलनं बघितली की काम खरंच चालू होतं की नाही ते लगेच कळतं, मीटिंगच्या मिनिट्सवर विसंबू नका.

शेवटाची तारीख ही बिल्डिंग वापरायला तयार झाल्याची. शिफ्टिंगची किंवा पूजेची तारीख धरू नका. बांधकाम पूर्ण आहे आणि फक्त रंगाची शेड, पार्टिशन अशी किरकोळ कामं उरलीत, तर बिल्डिंग तयारच आहे. इन्कम टॅक्समध्ये मात्र निकष 'वापरात आणल्याची तारीख' हा आहे आणि आयसीडीएस ९ चा फॉर्म्युलाही वेगळा आहे, एफडीचं व्याज तिथे असं वजा होत नाही, तेव्हा टॅक्सची शीट वेगळीच ठेवा, दोन्ही आकडे सारखे यावेत म्हणून झटू नका.

८. पुढच्या वर्षीचा पाया

आपल्या उदाहरणातली बिल्डिंग २०२५-२६ मध्ये जाते तेव्हा सुरुवातीची रक्कम १२ कोटी नसते, १२.५६५ कोटी असते, कारण कॅपिटलाइज केलेलं व्याजही आता बिल्डिंगचा खर्च आहे आणि तेही पैसे गुंतलेलेच आहेत. त्यातून खास ६ कोटी वजा, जनरलचा पाया ६.५६५ कोटी. बरेच लोक ६ पासून सुरू करतात. आणि खास लोनचे हप्ते सुरू झाले असतील तर खासचा आकडा घटतो आणि तेवढी रक्कम जनरलच्या पायात वाढते, हप्त्याच्या तारखेपासून. दोन-तीन वर्षं चालणाऱ्या बांधकामात हा फरक साचत जातो.

इथे थांबा, सीए किंवा तज्ज्ञाला बोलवा

वरच्या आठही तपासण्या अकाउंट्सचा चांगला माणूस स्वतः करू शकतो. पुढच्या परिस्थितीत मात्र एक्सेल बंद करा.

लोन परकीय चलनातलं असेल तर. एक्स्चेंज फरकाचा काही भाग व्याजाचा भाग मानला जातो, किती ते ठरवताना रुपयात लोन घेतलं असतं तर काय व्याज पडलं असतं याची तुलना लागते, आणि पुढे रुपया सावरला तर आधी धरलेला भाग उलटवण्याचे नियमही आहेत. हे अंदाजाने करायचं काम नाही.

पैसे ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीने उचललेत आणि बिल्डिंग तुमच्याकडे उभी राहतेय, तर. स्वतंत्र ताळेबंदाचं आणि एकत्रित ताळेबंदाचं उत्तर वेगळं येऊ शकतं, सरासरीत कुठली लोन घ्यायची हाच तिथे निर्णयाचा विषय असतो.

बिल्डिंग उभी आहे, पण फायर एनओसी किंवा भोगवटा प्रमाणपत्र अडकलंय. नुसते कागद यायचे बाकी असतील तर बिल्डिंग तयार मानली जाते, पण स्प्रिंकलर किंवा फायर पंपाचं कामच अपुरं असेल तर चित्र वेगळं. यात महिन्यांचं व्याज इकडचं तिकडे होतं, इंजिनियरचं लेखी मत आणि ऑडिटरचा होकार दोन्ही आधी घ्या.

आणि गेल्या वर्षीचा साइन झालेला आकडाच चुकलेला सापडला तर. तो या वर्षीच्या व्याजात गुपचूप भरून काढू नका. रक्कम मोठी असेल तर इंड-एएस ८ प्रमाणे मागचे आकडे दुरुस्त करून दाखवावे लागतात, आणि तो निर्णय ऑडिटर, सीएफओ आणि ऑडिट कमिटीने मिळून घ्यायचा असतो. बोलवताना हातात एवढं ठेवा: सगळी सँक्शन लेटर, तारखेनुसार पेमेंटची यादी स्रोतासकट, सीडब्ल्यूआयपी ते रोख ही जुळवणी, एफडीची सर्टिफिकेटं, आणि गेल्या वर्षीची मूळ शीट फॉर्म्युल्यांसकट, पीडीएफ नको.